काच खाली सरकते, प्रतिबिंब नाही

शॉट ऐकायला साधा होता. संध्याकाळची वेळ, रस्त्याच्या कडेला गाडी उभी, मागच्या सीटवर एक बाई बसलेली. कॅमेरा बाहेर, गाडीच्या पुढच्या अंगाकडून थोडा तिरका, ट्रायपॉडवर ठोकून बसवलेला. काच वर आहे, काचेत झाडं आणि समोरची दुकानं दिसतायत, त्यांच्या मागे बाईंचा चेहरा. सहाव्या सेकंदाला त्या काच निम्मी खाली घेतात, कडेवर बोटं ठेवतात आणि एक वाक्य बोलतात. एकूण नऊ सेकंद, म्हणजे २१६ फ्रेम.

अडचण एवढीच की शूटिंगच्या दिवशी बाई नव्हत्याच. त्यांच्या तारखा जमल्या नाहीत, म्हणून पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका गल्लीत फक्त रिकामी गाडी शूट झाली, आणि तीन आठवड्यांनी बाईंना क्रोमासमोर, म्हणजे हिरव्या पडद्यासमोर, एका सीटवर बसवून घेतलं. काच खाली घेण्याची कल्पना दिग्दर्शिकेला त्या क्रोमाच्या दिवशी सुचली. लोकेशनवर काच पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशाच प्लेट्स, म्हणजे नंतर जोडायला घेतलेले शॉट, होत्या, सरकणारी काच कुठेच नव्हती. लघुपट छोटा, पैसे त्याहून छोटे, आणि कॉम्प, म्हणजे हे सगळे तुकडे एका चित्रात जोडायचं काम, माझ्याकडे.

सुदैवानं लोकेशनवरच्या सहायकाला काय घ्यायचं ते नीट ठाऊक होतं. त्यानं कॅमेरा न हलवता तीन प्लेट्स घेतल्या होत्या. पहिली, काच वर आणि गाडी आहे तशी. दुसरी, काच वरच, पण आत काचेच्या मागे काळं मखमली कापड ताणून धरलेलं. तिसरी, काच पूर्ण खाली, म्हणजे गाडीच्या आतलं सगळं काचेशिवाय उघडं. काळ्या कापडाची प्लेट बघणाऱ्याला निरर्थक वाटते, पण या कामात सोनं तीच असते. कापडाकडून जवळजवळ काहीच उजेड परत येत नाही. त्यामुळे त्या प्लेटमध्ये काचेच्या जागी जे दिसतं ते निव्वळ प्रतिबिंब, आणि काचेवरची थोडी धूळ.

एवढं हाताशी असूनही पहिल्या दिवशी मी आळस केला. बाईंची की काढली, म्हणजे हिरवा पडदा उडवून त्यांना वेगळं केलं, त्यांना रिकाम्या सीटवर बसवलं, अल्फा, म्हणजे त्यांचा भरीवपणा, ८० टक्क्यांवर आणला, वर प्रतिबिंबाची प्लेट `screen` या मिसळण्याच्या पद्धतीनं टाकली. लहान खिडकीत बघताना बरं दिसत होतं. दिग्दर्शिकेनं मोठ्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "अरे, बाई भूत वाटतायत." मी झूम केलं तर सीटच्या हेडरेस्टची शिवण बाईंच्या गालातून दिसत होती. साहजिकच आहे. अल्फा कमी केला म्हणजे माणूस पारदर्शक होतो. काचेमागचा माणूस पारदर्शक नसतो, तो भरीवच असतो. काच फक्त त्याच्याकडून येणारा उजेड थोडा खाते आणि वर आपला थोडा उजेड टाकते.

म्हणजे हिशेब एका ओळीचा आहे:

```
out = B * T + R
```

`B` म्हणजे काचेच्या मागचं सगळं: सीट, बाई, पलीकडची खिडकी. हे आधी आपापसांत पूर्ण जोडून घ्यायचं, बाई पूर्ण भरीव. `T` म्हणजे काच किती उजेड पलीकडून येऊ देते तो आकडा, लाल-हिरव्या-निळ्यासाठी वेगवेगळा. यालाच आपण टिंट म्हणतो, आणि टिंट गुणाकारानं लागते. `R` म्हणजे प्रतिबिंब, ते बेरजेनं. न्यूक या कॉम्पच्या सॉफ्टवेअरमध्ये `Merge` ला आधी `multiply` आणि मग `plus`. हे सगळं लिनिअरमध्ये हवं, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात हवेत, त्यासाठी कॅमेऱ्याचं दाबून नोंदवलेलं लॉग फुटेज आधी उलगडून घ्यायला हवं. लॉगमध्ये किंवा मॉनिटरच्या गॅमामध्ये बेरीज केली की प्रतिबिंब चेहऱ्यावरही दुधासारखं पसरतं, आणि मग माणूस `screen` कडे वळतो, मी वळलो तसा. लिनिअरमध्ये तेच प्रतिबिंब काळ्याभोर केसांवर उठून दिसतं आणि उजळ कपाळावर आपोआप हरवतं. चेहऱ्यावरून प्रतिबिंब पुसायला मी एक मॅट, म्हणजे चित्राचा तेवढाच भाग निवडणारा आकार, काढून ठेवला होता. तो फेकून दिला.

आता `T` किती? इथे अंदाजानं हिरवट रंग ओतायची फार सवय असते. गाडीची साधी काचही किंचित हिरवी असते, कारण काचेत लोहाचे अंश असतात आणि ते लाल उजेड जास्त शोषतात. पण किती हिरवी, हे प्लेटमधूनच मोजता येत असेल तर अंदाज कशाला? गाडीच्या आरपार, पलीकडच्या खिडकीतून एका बंगल्याची पांढरी भिंत दिसत होती. काच खाली असलेल्या प्लेटमध्ये त्या भिंतीचा हिरव्या चॅनेलमधला आकडा ०.६० होता. काच वर असताना त्याच ठिकाणी ०.५०. काळ्या कापडाच्या प्लेटमध्ये तिथेच ०.०५, म्हणजे एवढं प्रतिबिंब. ०.५० मधून ०.०५ वजा केले, उरले ०.४५, आणि त्याला ०.६० नं भागलं की ०.७५. काच हिरव्याचा तीन चतुर्थांश भाग पलीकडून येऊ देत होती. लालसाठी हाच हिशेब ०.६९ आला आणि निळ्यासाठी ०.७३. काचेचा रंग म्हणजे हे तीन आकडे, एवढंच.

(दिग्दर्शिकेला मधेच काच काळीकुट्ट हवी झाली होती, रहस्यमय वगैरे. मी म्हटलं, गोष्ट आजची आहे, पुण्यातली आहे, गाडी साध्या माणसाची आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असं होतं, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्म्सवर बंदीच घातली. चौकात हवालदारानं थांबवलेली गाडी वाटेल. तिनं ते सोडून दिलं.)

आकडे मिळाल्यावर मी लगेच बाईंना बसवलं नाही, आणि हा या कामातला माझा एकमेव शहाणपणा. आधी रिकामी गाडी जुळवायची ठरवलं. काच खाली असलेली प्लेट घेतली, तिला `T` नं गुणलं, काळ्या कापडाचं प्रतिबिंब मिळवलं. हिशेब बरोबर असेल तर हे चित्र काच वर असलेल्या खऱ्या प्लेटसारखं तंतोतंत यायला हवं. दोन्ही एकमेकांतून वजा केली. मधे जाणाऱ्या रिक्षा आणि हलणारी पानं जुळणार नव्हतीच, ते सोडून दिलं. पलीकडची भिंत काळी झाली, म्हणजे फरक शून्य. पण सीट काळी झाली नाही. माझी सीट खऱ्या सीटपेक्षा उजळ होती, जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी.

अर्धा दिवस मी चुका शोधत बसलो. वाटलं, दोन प्लेट्सच्या मधे सूर्य ढगाआड गेला असेल. पण मग भिंत कशी जुळली असती? वाटलं कापड नीट काळं नसेल, पण कापडाची चूक सीटलाच कशी भोवेल? शेवटी चहाला खाली उतरलो, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मित्राची गाडी होती, तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्याला म्हटलं, काच खाली-वर कर. काच वर गेली की सीट काळवंडते, हे दिसत होतंच. पण त्यानं मला आत बसवलं आणि काच वर केली, तेव्हा कळलं. आतून, माझ्या आणि सीटच्या मधे काहीच नव्हतं, तरी सीट जराशी मंदावली. कारण सीटवर पडणारा उजेडच त्या खिडकीतून येतो. काच वर केली की उजेड आत येतानाच एकदा कापला जातो, आणि सीटवरून परतून कॅमेऱ्याकडे जाताना पुन्हा एकदा. भिंतीवरचा उजेड थेट आभाळातून येतो, त्याचा या काचेशी संबंध फक्त बाहेर पडताना. म्हणून भिंत जुळली आणि सीट नाही.

सगळाच उजेड त्या एका खिडकीतून आला असता तर सीटला `T` दोनदा लागला असता, हिरव्यात ०.७५ गुणिले ०.७५. पण समोरच्या काचेतून आणि पलीकडच्या खिडकीतूनही उजेड आत येत होता, त्यांच्यात काही बदललं नव्हतं. प्रत्यक्ष मोजल्यावर सीटला `T` च्या वर आणखी ०.८० चा गुणाकार लागत होता. तो लावला, फरक शून्याच्या जवळ आला. दाराच्या आतल्या बाजूला, खिडकीला खेटून असलेल्या भागात ०.८० पेक्षा थोडा कमी हवा होता, पलीकडच्या सीटवर जवळजवळ १. एक मऊ ग्रेडियंट काढून भागवलं.

हे सापडलं नसतं तर पुढचा शॉट कधीच बसला नसता, कारण बाईंच्या चेहऱ्यालाही हेच लागू होतं. क्रोमावर त्यांच्या तोंडासमोर काच नव्हती, आणि दिवाही काचेतून येत नव्हता. म्हणजे काच वर असताना त्यांच्या खिडकीकडच्या गालाला आधी ०.८०, मग वरून `T`. आणि सहाव्या सेकंदाला काच खाली यायला लागते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. काचेच्या कडेच्या वर आलेला चेहऱ्याचा भाग `T` आणि `R` मधून सुटतो, तो एका रेषेवर, लख्ख. आणि त्याच वेळी सगळाच चेहरा, अजून काचेमागे असलेली हनुवटीसुद्धा, हळूहळू उजळतो, कारण उघड्या फटीतून सरळ आभाळाचा उजेड आत यायला लागतो. दुसरी गोष्ट क्रोमाच्या फुटेजमध्ये नव्हती. मी ०.८० चा आकडा त्या वीसेक फ्रेममध्ये ०.९२ पर्यंत नेला. निम्मी काच म्हणजे ०.९० व्हायला हवं असं वाटेल, पण उघडणारा भाग वरचा, आणि आभाळ वरच असतं, म्हणून जरा जास्त. हा आकडा डोळ्यानं ठरवला, मोजलेला नाही.

एक क्रम इथे सांगून टाकतो, कारण त्यानं माझे दोन तास खाल्ले. बाईंच्या खांद्यावर क्रोमाचा हिरवा स्पिल, म्हणजे पडद्यावरून उसळलेला हिरवा उजेड, होता. मी टिंट लावून झाल्यावर स्पिल काढला, आणि काचेचा हिरवटपणाच निघून गेला, बाई गुलाबी झाल्या. स्पिल आधी, टिंट नंतर. याच कारणासाठी क्रोमाच्या दिवशी कुणी खरी काच समोर धरून शूट करायला निघालं तर त्याला थांबवावं.

प्रतिबिंबाकडे वळतो. काळ्या कापडाच्या प्लेटमध्ये सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून: काचेच्या वरच्या कोपऱ्यात आमचाच एक माणूस पांढरा टी-शर्ट घालून थर्माकोल धरून उभा होता. नेमका बाईंच्या केसांवर. तो काढून तिथे समोरचं दुकान भरायचं होतं. सहायकानं त्या दिवशी गाडीला पाठ टेकवून समोरच्या रस्त्याचा मोबाइल व्हिडिओ घेतला होता. तो मी घेतला, जागेवर बसवला, १३ टक्क्यांवर आणून मिळवला.

हे १३ टक्के कुठून आले तेही सांगतो. काचेकडे सरळ समोरून बघितलं तर दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के उजेड परतवतात. जसं तिरकं बघाल तसं हे वाढतं. आमचा कॅमेरा काचेच्या मधोमध लंब रेषेशी साधारण ५५ अंशांत होता, तिथे १३ च्या आसपास येतं, आणि ६५ अंशांना २० च्या पुढे जातं. एकाच काचेच्या जवळच्या आणि लांबच्या टोकाला कोन वेगळा असतो, म्हणून लांबच्या टोकाला प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं. कापडाच्या प्लेटमध्ये हे आपोआप आलेलं असतं. ठिगळ लावताना ते आपल्याला आणावं लागतं.

ठिगळ बसलं, आणि मी खूश. व्हर्जन पाठवलं. संध्याकाळी दिग्दर्शिकेचा फोन. म्हणाली, "केसांवर अमृततुल्य लिहिलंय."

मला वाटलं तिला प्रतिबिंब फार ठळक वाटतंय. म्हटलं, थोडं कमी करतो. ती म्हणाली, "कमी नको करूस. वाचता येतंय, हे म्हणतेय मी." मग डोक्यात प्रकाश पडला. काचेतली पाटी उलटी दिसायला हवी. मोबाइलचा व्हिडिओ समोर बघून घेतलेला, त्यात पाटी सुलटी. आणि नुसती पाटीच नव्हे. त्या ठिगळातून एक स्कूटर जात होती, ती बाकीच्या प्रतिबिंबातल्या रिक्षांच्या उलट दिशेनं, एकाच बाजूच्या रस्त्यावरून. व्हिडिओ आडवा उलटवल्यावर दोन्ही सुधारलं. स्कूटर मला तीन दिवस दिसली नव्हती. अक्षरं नसती तर कदाचित कधीच दिसली नसती, आणि बघणाऱ्याला नुसतं काहीतरी खटकलं असतं.

त्या ठिगळात आणखी दोन गोष्टी कराव्या लागल्या. दुकानावर ट्यूबलाइट होती. मोबाइलनं तिला पांढऱ्या कागदासारखंच नोंदवलं होतं, कारण त्याच्या वरचं त्याला मावत नाही. १३ टक्क्यांवर आणल्यावर ती करड्या पट्टीसारखी मेली. खरी ट्यूब कागदापेक्षा कितीतरी पट उजळ असते, १३ टक्क्यांनंतरही ती काचेत झगमगायला हवी. म्हणून कमी करण्याच्या आधी तेवढीच ट्यूब मॅटनं धरून आठपट केली. आणि दुसरं, फोकस. प्रतिबिंब काचेवर चिकटलेलं नसतं. दुकान काचेपासून दहा-बारा मीटरवर असेल तर प्रतिबिंबही काचेच्या आत तितकंच लांब असल्यासारखं वागतं. लेन्स बाईंच्या डोळ्यांवर होती, म्हणून दुकान मऊ हवं होतं. मोबाइलमध्ये तर पाटीचा कानामात्राही धारदार होता. बाजूच्या खऱ्या प्रतिबिंबातल्या दिव्याचा धूसर गोळा मोजला आणि तेवढंच धूसर केलं. पाटी उलटी केली आणि मग ती वाचताच येईना, हा भाग वेगळा.

आता काच खाली सरकण्याचा भाग. माझ्याकडे काच पूर्ण वर असतानाचं प्रतिबिंब होतं. मी काचेच्या वरच्या कडेचा आकार काढला, त्याला खाली सरकवलं, आणि प्रतिबिंबाची प्लेट त्यालाच बांधली. काच खाली जाते, तिच्यावरचं सगळं तिच्याबरोबर जातं, असा माझा सरळ हिशेब. चालवून बघितलं तर काच खाली जाताना झाडंही खाली वाकत जमिनीत गेल्यासारखी दिसली. काच म्हणजे झाडांचं चित्र छापलेला पडदा, आणि बाई तो पडदा ओढतायत.

पुन्हा खाली, मित्राची गाडी. त्यानं काच खाली घेतली, मी बाहेर उभा. झाड जागच्या जागी. काचेची कड झाडाला वरून खोडत खाली गेली, पण झाड तसूभर हललं नाही. कारण काच आपल्याच पातळीत सरकते. बाजूची काच थोडी वक्र असते, पण ती त्याच वक्रावरून दारात उतरते, म्हणजे आरसा जिथल्या तिथेच राहतो, फक्त त्याचा वरचा भाग नाहीसा होतो. सरकते ती धूळ. पार्किंगमधल्या गाडीच्या काचेवर कुणीतरी बोटानं फुली काढली होती, ती मात्र इमानदारीत खाली गेली.

मग प्रतिबिंब मोकळं केलं आणि फक्त मॅट सरकवला. धूळ वेगळी काढली, कापडाच्या प्लेटमध्ये एका स्वच्छ काळपट जागेवर ती नीट दिसत होती, आणि तिला काचेला बांधलं. झाड स्थिर, धूळ सरकतेय, हे दोन्ही एकत्र दिसायला लागल्यावर काच पहिल्यांदा काच वाटली. गंमत म्हणजे धूळ इतकी फिकट होती की थांबलेल्या फ्रेममध्ये शोधावी लागते. मित्राच्या काचेला शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला रबरात किंचित हिसका बसत होता, आणि तेव्हा प्रतिबिंबही क्षणभर थरथरत होतं. तोही मी शेवटच्या चार फ्रेममध्ये टाकला, दोन पिक्सेल.

राहिलं वक्रीभवन. सुरुवातीला मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती, आणि काच म्हणजे मागचं सगळं वाकडंतिकडं व्हायला हवं अशी माझी कल्पना होती. एका व्हर्जनमध्ये मी चित्र वाकवणारं `IDistort` लावून चेहरा थोडा लहरीदार केलाही होता. बाटलीतून बघितल्यासारखं वाटत होतं. गाडीच्या काचेची दोन्ही पृष्ठं एकमेकांना समांतर असतात. किरण आत शिरताना वळतो आणि बाहेर पडताना तेवढाच उलटा वळतो. दिशा तीच राहते, तो फक्त थोडा बाजूला सरकतो. किती, ते या सूत्रानं निघतं:

```
d = t * sin(a) * (1 - cos(a) / sqrt(n*n - sin(a)*sin(a)))
```

`t` काचेची जाडी, मी ४ मिलिमीटर धरली. `n` काचेचा अपवर्तनांक, १.५२. `a` आमचा ५५ अंशांचा कोन. उत्तर येतं १.८ मिलिमीटर. बस्स. पूर्ण चेहरा काचेमागे असताना सगळंच १.८ मिलिमीटर सरकतं, ते कुणाला कळणार? पहिल्या सहा सेकंदांत वक्रीभवन शून्य धरलं तरी चालतं.

पण काच निम्मी खाली आली की तेच १.८ मिलिमीटर डोळ्यात येतं, कारण आता अर्धा चेहरा काचेशिवाय आणि अर्धा काचेतून दिसतो, आणि मधे कड आहे. फ्रेममध्ये बाईंचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत सुमारे २० सेंटिमीटर, आणि तो ७०० पिक्सेल व्यापत होता. म्हणजे एका मिलिमीटरला साडेतीन पिक्सेल, आणि सरकणं सहा पिक्सेल. कॅमेरा तिरका असल्यामुळे ते आडवं, आणि कॅमेऱ्यापासून लांबच्या टोकाकडे, आमच्या बाबतीत डिकीकडे. गालाची कड आणि ओढणीचा काठ काचेच्या कडेवर येतात तिथे सहा पिक्सेलची पायरी पडायला हवी. ती नसताना बाई काचेमागे बसल्यासारख्या वाटतच नव्हत्या. खालच्या अर्ध्या भागावर नुसता हिरवट कागद ठेवल्यासारखं दिसत होतं. मी `B` ची एक प्रत सहा पिक्सेल सरकवली, `T` आणि `R` तिलाच लावले, आणि काचेच्या मॅटनं मूळ चित्रावर ठेवली. पायरी पडली, आणि काच जाड झाली.

यातही एक गोम आहे. १.८ मिलिमीटर हे अंतरानं वाढत नाही. चेहऱ्यापाशी ते सहा पिक्सेल, पण रस्त्यापलीकडच्या भिंतीपाशी १.८ मिलिमीटर म्हणजे पिक्सेलचा छोटासा तुकडा. म्हणून बाई आणि सीट सरकवायच्या, भिंत नाही. पहिल्यांदा सगळंच सरकवलं तर बंगल्याचं गेट तुटलं. दोन थर वेगळे केले.

काचेच्या वरच्या कडेची जाडीही दिसायला हवी होती. घासलेली कड वरून आभाळाचा उजेड घेते, तिथे एक बारीक उजळ रेघ, आणि तिच्या खाली गडद हिरवी, कारण तिथे उजेड काचेच्या जाडीतून नाही तर उंचीतून, लांबचा प्रवास करून येतो. मित्राच्या काचेचा फोटो काढला, रंग त्यातून उचलला. दोन पिक्सेल उजळ, सहा-सात पिक्सेल हिरवं. मी आधी अख्खी कड पांढरी केली होती, ती अॅक्रेलिकची वाटत होती.

बोटं मात्र मला आजही खुपतात. क्रोमावर बाईंनी हिरव्या रंगानं रंगवलेल्या फळीच्या कडेवर बोटं ठेवली होती, आणि फळी काचेच्या चौपट जाड होती. बोटांची टोकं काचेच्या बाहेर येतात, मधली पेरं कडेवर बसतात, आणि तळवा काचेमागे राहतो. म्हणजे एकाच हातावर तीन वेगवेगळे हिशेब: टोकांना ना टिंट ना प्रतिबिंब, पेरांखाली कडेची हिरवी रेघ दबलेली, तळव्याला `T`, `R`, आणि सहा पिक्सेल. प्रत्येक बोटाचा रोटो, म्हणजे फ्रेमगणिक आखलेली कड, हातानं, ६० फ्रेम. टोकं बाहेर आली तर काचेत त्यांचंही प्रतिबिंब पडतं, अगदी चिकटून, बोट काचेला टेकतं तिथून उलट्या दिशेनं. ते काळ्या कापडाच्या प्लेटमध्ये कुठून असणार? टोकांचीच प्रत उलटवून, १३ टक्क्यांवर, काचेवर मिळवली. तीन बोटांना ते बसलं. करंगळी फळीच्या जाडीमुळे जास्तच वाकलेली होती, तिचं टोक आणि प्रतिबिंब एकमेकांना टेकतच नाहीत, मधे तीन पिक्सेलची फट राहते. शेवटी तिथे अंगठीची सावली थोडी गडद करून ती फट झाकली, आणि फाइल पाठवून दिली.